अस्पष्ट स्कॅनवर गावच्या डॉक्टरांचं मत: परदेशातून पत्र कसं लिहायचं आणि सोबत काय पाठवायचं

कुवेत, दुबई, मस्कत किंवा बोटीवरून गोव्यातल्या डॉक्टरांना येणारा नेहमीचा मेसेज असा असतो: रिपोर्टचा तिरका फोटो, एका फिल्मचा ट्यूबलाइटसमोर काढलेला फोटो, आणि खाली ‘डॉक्टर, हे सिरियस आहे का?’ यावर डॉक्टरांना ‘सुट्टीवर आलात की दाखवा’ यापेक्षा वेगळं उत्तर देता येत नाही. त्यांना मदत करायची नसते असं नाही, त्यांच्या हातात मत देण्यासारखं काही नसतं.

हा लेख एकाच प्रकारच्या प्रसंगाबद्दल आहे. खोकल्यासाठी छातीचा सीटी स्कॅन केला, फुप्फुसात ७ मिलिमीटरची लहान गाठ, म्हणजे नोड्यूल, दिसली, आणि रिपोर्टमध्ये ‘इनडिटर्मिनेट’ असा शब्द आला. तिथले डॉक्टर म्हणतात पुढची तपासणी करू, रुग्णाला वाटतं आधी डिचोलीच्या किंवा फोंड्याच्या आपल्या डॉक्टरांना विचारावं. विचारायलाच हवं, पण कारण नीट ओळखून. गावचे डॉक्टर तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा स्कॅन जास्त चांगला वाचतात, असं समजू नका. त्यांच्या आवाक्यात तुमचा जुना एक्स-रे, जुना सीटी आणि जुना आजार आहे, तिथल्या माणसाकडे यातलं काहीच नाही. हे पत्र त्या जुन्या गोष्टींची आणि नव्या स्कॅनची गाठ घालून देण्यासाठी असतं.

आधी हे वाचा. खोकल्यातून रक्त पडत असेल, दम लागत असेल, ताप उतरत नसेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर पत्राच्या उत्तरासाठी थांबू नका. तिथेच, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पत्र नंतर लिहिता येतं.

## १. ‘अस्पष्ट’ म्हणजे नक्की काय, ते रिपोर्टमधून शोधा

बहुतेक चुका इथेच होतात. ‘स्कॅन क्लिअर नाही’ या एका वाक्याचे दोन वेगळे अर्थ आहेत आणि दोन्हींचं उत्तर वेगळं असतं.

पहिला अर्थ असा की चित्रच खराब आलं आहे. स्कॅन चालू असताना श्वास धरला गेला नाही, खोकला आला किंवा शरीर हललं, की चित्र फिस्कटतं. फुप्फुसाच्या खालच्या भागात हे जास्त होतं, कारण श्वासाबरोबर सगळ्यात जास्त हलतो तो खालचा भाग. रिपोर्टमध्ये तेव्हा ‘मोशन आर्टिफॅक्ट’ किंवा ‘लिमिटेड स्टडी’ असे शब्द येतात.

दुसऱ्या अर्थी चित्र उत्तम असतं, पण दिसणारी गोष्ट कोणती ते एकाच चित्रावरून ठरत नाही. ‘इनडिटर्मिनेट’ म्हणजे हेच. हा शब्द म्हणजे ‘कॅन्सरचा संशय’ असा लोक अर्थ लावतात, तो बरोबर नाही. ७ मिलिमीटरची गाठ म्हणजे मटारच्या दाण्याएवढी. ती जुन्या जंतुसंसर्गाचा वण असू शकते, लहान लसिकाग्रंथी असू शकते, आणि क्वचित काही गंभीरही असू शकते. एका दिवसाच्या चित्रात तिचं वय कळत नाही.

चित्र खराब असेल तर उपाय म्हणजे चांगलं चित्र. चित्र चांगलं पण गाठ अनोळखी असेल, तर उपाय म्हणजे जुन्या चित्राशी तुलना किंवा ठरावीक काळाने नवं चित्र. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी असतील तर पत्रात दोन्ही वेगळ्या लिहा.

तपासून पाहा. रिपोर्टच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ असा मथळा असतो. त्याखालची वाक्यं इंग्रजीत जशीच्या तशी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. पत्रात हीच वाक्यं जाणार आहेत. त्यांचं भाषांतर करू नका. ‘गाठ’, ‘डाग’, ‘सावली’ या मराठी शब्दांत तीन वेगळे वैद्यकीय शब्द मिसळून जातात.

## २. तिथल्या हॉस्पिटलातून पूर्ण स्कॅन मिळवा, तोही पातळ कापांचा

सीटी म्हणजे एक फोटो नसतो. पाव कापावा तसे छातीचे आडवे काप असतात, आणि डॉक्टर ते एकामागून एक सरकवत पाहतात. याला कारण आहे. आडवी कापलेली रक्तवाहिनी एका कापात गोल दिसते, हुबेहूब गाठीसारखी. पुढचे दोन-तीन काप सरकवले की ती लांब होत जाते आणि रक्तवाहिनी असल्याचं कळतं. गाठ मात्र दोन-चार कापांत दिसून संपते. म्हणून तुम्ही निवडून पाठवलेला एक स्क्रीनशॉट कितीही स्पष्ट असला, तरी त्यावरून हा फरक करता येत नाही.

हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागात जाऊन ‘स्कॅनची सीडी’ मागितली की सीडी मिळते, पण तिच्यात बरेचदा ५ मिलिमीटर जाडीचेच काप असतात. ७ मिलिमीटरची गाठ अशा दोन-तीन कापांतच येते, आणि प्रत्येक कापात गाठीबरोबर आजूबाजूची हवाही मोजली जाते. त्यामुळे गाठ असते त्यापेक्षा फिकट आणि धूसर दिसते. तिच्या पोटात कॅल्शियम साठलेलं असेल तर तेही हरवतं, आणि नेमकं कॅल्शियमच जुन्या, निरुपद्रवी वणाची मोठी खूण असते. गाठीच्या मध्यभागी किंवा पूर्ण गाठीत कॅल्शियम भरलेलं स्पष्ट दिसलं, तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

म्हणून काउंटरवर नेमकं मागा: छातीच्या सीटीचे १ मिलिमीटरचे काप, फुप्फुसासाठीची आणि मऊ अवयवांसाठीची, अशा दोन्ही मालिका, डायकॉम स्वरूपात. ‘डायकॉम’ हा शब्द आवर्जून वापरा. जेपीजी चित्रात उजेड-काळोखाची पट्टी एकदाच गोठवलेली असते. डायकॉममध्ये प्रत्येक ठिपक्याची घनता आकड्यात राहते, त्यामुळे डॉक्टर तेच चित्र एकदा फुप्फुसासाठी आणि एकदा हाडा-कॅल्शियमसाठी, पट्टी बदलून पाहू शकतात.

इथे उशीर महागात पडतो. पातळ काप ज्या मूळ माहितीतून बनतात ती मशीनवर थोडेच दिवस राहते. नवे रुग्ण आले की जुनी माहिती पुसली जाते. स्कॅन झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत मागितलं तर पातळ काप मिळण्याची शक्यता बरीच असते. महिन्याभराने गेलात तर साठवून ठेवलेले जाड कापच हाती पडू शकतात.

सीडी घरी आणली की लॅपटॉपवर उघडून पाहा. विंडोजवर मायक्रोडायकॉम किंवा रेडिअँट, मॅकवर होरोस असे पाहण्याचे प्रोग्राम मिळतात. तुम्हाला निदान करायचं नाही, माल पूर्ण आहे का एवढंच बघायचं आहे. डाव्या बाजूला मालिकांची यादी दिसते. प्रत्येकीवर काप किती आणि जाडी किती, ते पाहा. जाडी चित्राच्या कोपऱ्यात लिहिलेली असते, नसेल तर माहितीच्या यादीत या ओळीत सापडते:

```
(0018,0050)  Slice Thickness
```

तपासून पाहा. छातीची उंची साधारण ३० सेंटीमीटर धरा. १ मिलिमीटरचे काप असतील तर मालिकेत ३०० च्या आसपास चित्रं हवीत, ५ मिलिमीटरचे असतील तर ६० च्या आसपास. यादीत २ किंवा ३ चित्रंच दिसली, तर ती स्कॅन सुरू करण्याआधीची आखणीची चित्रं आहेत. सीडी परत घेऊन जा. चित्रावर नाव आणि तारीख तुमचीच आहे ना, तेही पाहून घ्या. दुसऱ्याची सीडी हातात पडण्याचे प्रकार घडतात.

## ३. गोव्यातलं जुनं चित्र शोधा

या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोगी पडणारी वस्तू बहुधा घरच्या कपाटात असते. ७ मिलिमीटरची भरीव गाठ दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत त्याच जागी, त्याच आकाराची दिसली, तर सहसा तिचा पुढे पाठपुरावा करायची गरज राहत नाही. वाढणारी भरीव गाठ सहसा दोन वर्षं गप्प बसत नाही. म्हणून बायोप्सीच्या गोष्टी करण्याआधी जुनी सीडी शोधणं शहाणपणाचं. तिचा खर्च म्हणजे घरच्या माणसाची एक सकाळ.

काय शोधायचं ते घरच्यांना नावानिशी सांगा. ‘माझे रिपोर्ट शोध’ म्हटलं की रक्ताचे सगळे कागद येतात आणि सीडी कपाटातच राहते. छातीचा सीटी असेल तर सगळ्यात आधी तो, मग तो कुठल्याही कारणाने केलेला असो. पोटाचा सीटीही सोडू नका, त्यात वरच्या टोकाला फुप्फुसाचा खालचा भाग येतो. आपल्या उदाहरणात गाठ उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात आहे, म्हणजे मुतखड्यासाठी केलेल्या पोटाच्या स्कॅनमध्येही ती योगायोगाने सापडू शकते. कुणाला सुचत नाही अशी ही जागा आहे.

छातीचे जुने एक्स-रेही घ्या, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एवढी लहान गाठ साध्या एक्स-रेत सहसा दिसतच नाही. दिसली, तर तिच्यात कॅल्शियम असण्याची शक्यता जास्त, म्हणजे ती चांगली बातमी. आखाती देशांच्या व्हिसासाठी आणि काही ठिकाणी परवाना नूतनीकरणासाठीही छातीचा एक्स-रे काढतात, तेव्हा तिथे काही वर्षं काढलेल्या माणसाचे जुने एक्स-रे कुठेतरी असू शकतात. मिळत असतील तर मागून घ्या.

गोव्याच्या पावसात फिल्मचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. पाकिटात एकावर एक ठेवलेल्या फिल्म दमट हवेत एकमेकींना चिकटतात, कडेला बुरशी धरते. त्या ओढून सोडवू नका, चित्राचा थरच निघून येतो. चिकटलेलं पाकीट आहे तसंच डॉक्टरांकडे न्यायला सांगा. सुटी, चांगली फिल्मही फोटोपेक्षा प्रत्यक्ष नेलेलीच बरी, डॉक्टरांच्या टेबलावर उजेडाची पेटी असते. फोटोच काढावा लागला तर खोली काळोखी करा, लॅपटॉपवर कोरं पांढरं पान पूर्ण उजेडात ठेवा, फिल्म त्यावर धरा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल समोरून सरळ धरा. नाव, तारीख आणि उजव्या-डाव्याची खूण फोटोत आलीच पाहिजे. ‘R’ दिसत नसेल तर फिल्म उलटी धरली होती की सरळ, हे कुणालाच सांगता येणार नाही.

नावांचा घोळ आपल्याकडचा खास आहे. परदेशात सगळं पासपोर्टवरच्या नावाने चालतं, त्यात वडिलांचं नावही जोडलेलं असतं. गोव्यातल्या दहा वर्षांपूर्वीच्या पाकिटावर नुसतं घरचं नाव आणि आडनाव असतं, आणि आडनावही कुठे गावकर तर कुठे गांवकर, इंग्रजीत त्याची आणखी दोन रूपं. रेडिओलॉजिस्टला दोन वेगळी नावं दिसली की तो तुलना करायला कचरतो, आणि ते बरोबरच आहे. पत्रात एक ओळ घाला: पासपोर्टवर अमुक, जुन्या कागदांवर तमुक, जन्मतारीख एकच.

सावध. पूर्वी टीबी झाला असेल तर तो लपवू नका. व्हिसाच्या भीतीने लोक हे गाळतात. तुमचे डॉक्टर व्हिसाची तपासणी करत नाहीत, त्यांना खरं उत्तर देण्यासाठी ही माहिती लागते. कुठल्या वर्षी झाला, औषध किती महिने घेतलं, पूर्ण केलं का, एवढं लिहा.

## ४. पत्र लिहा: एक पान, तीन प्रश्न

तुमचे डॉक्टर बहुधा फिजिशियन किंवा जनरल प्रॅक्टिशनर असतील. ते स्कॅन पाहतील, पण पक्कं मत देण्याआधी पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या एखाद्या रेडिओलॉजिस्टला दाखवतील. म्हणजे तुमचं पत्र तुम्हाला कधी न भेटलेला माणूसही वाचणार आहे. ‘तुम्हाला माझं सगळं माहीतच आहे’ हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही.

क्रम असा ठेवा: आधी कशासाठी लिहितो ते, मग रिपोर्टची वाक्यं, मग तुमची माहिती, मग प्रश्न, शेवटी तारखा. तक्रारीची कहाणी पहिल्या परिच्छेदात घालू नका. कंपनीच्या डॉक्टरने कसं नीट ऐकलं नाही, हे रेडिओलॉजिस्टला नको असतं.

प्रश्न हा पत्राचा गाभा. ‘हे काय आहे?’ आणि ‘कॅन्सर आहे का?’ हे प्रश्न समजण्यासारखे आहेत, पण चित्र पाहून त्यांचं उत्तर देता आलं असतं तर रिपोर्टमध्ये ‘इनडिटर्मिनेट’ आलंच नसतं. ज्याचं उत्तर समोरच्याला चित्रं बघून देता येईल आणि ज्यावर तुमचं पुढचं पाऊल अवलंबून आहे, तेच विचारा. असे प्रश्न तीनच असतात: चित्र पुरेसं आहे का, जुन्यात हे होतं का, आणि किती थांबता येईल.

आपल्या उदाहरणातल्या रुग्णाचं पत्र असं होईल:

> दिनांक: १२ मार्च २०२६
>
> आदरणीय डॉक्टर,
>
> नमस्कार. मी डिचोलीचा तुमचा जुना पेशंट, सध्या कुवेतमध्ये आहे. छातीच्या सीटी स्कॅनवर तुमचं दुसरं मत हवं आहे. औषध लिहून नको, फक्त मत हवं आहे.
>
> स्कॅन २६ फेब्रुवारी २०२६ रोजी, दोन आठवड्यांच्या खोकल्यासाठी, कॉन्ट्रास्टशिवाय केला. रिपोर्टमध्ये म्हटलं आहे: ‘सॉलिटरी सॉलिड नोड्यूल, ७ मिलिमीटर, राइट लोअर लोब. मार्जिन्स नॉट वेल असेस्ड ड्यू टू रेस्पिरेटरी मोशन. इनडिटर्मिनेट.’ इथल्या डॉक्टरांनी पेट स्कॅन सुचवला आहे, अजून केलेला नाही.
>
> वय ४६. काम वेल्डिंगचं, १४ वर्षं. सिगारेट दिवसाला १० प्रमाणे १२ वर्षं, २०१८ मध्ये सोडली. २००९ मध्ये फुप्फुसाचा टीबी, सहा महिन्यांचं औषध पूर्ण केलं. जुलै २०१९ मध्ये न्यूमोनिया, तेव्हा गोव्यात छातीचा सीटी केला होता. घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर नाही. खोकला आता थांबला आहे. रक्त, ताप, वजन घटणं यांपैकी काही नाही.
>
> माझे प्रश्न:
> १. ही चित्रं मत देण्याइतकी चांगली आहेत का, की नुसता नीट श्वास धरून स्कॅन पुन्हा करावा?
> २. हा नोड्यूल २०१९ च्या सीटीत त्याच जागी दिसतो का? दिसत असेल तर तेव्हा किती मिलिमीटर होता?
> ३. मी १० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर गोव्यात आहे. पुढचा स्कॅन तोपर्यंत थांबवता येईल का, की इथेच आधी करावा?
>
> सोबत: नव्या सीटीच्या १ मिलिमीटरच्या कापांची लिंक, रिपोर्टची प्रत. २०१९ ची सीडी आणि जुने एक्स-रे माझा भाऊ तुमच्या दवाखान्यात आणून देईल, तुमची फीही तोच देईल. हे कागद रेडिओलॉजिस्टना दाखवायला माझी संमती आहे. पासपोर्टवर माझं नाव वडिलांच्या नावासकट आहे, २०१९ च्या सीडीवर नुसतं नाव-आडनाव आहे, जन्मतारीख दोन्हीकडे तीच.
>
> आपला,
> (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, फोन)

रिपोर्टची ओळ इथे छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहे. तुमच्या पत्रात ती मूळ इंग्रजी लिपीतच उतरवा.

यातल्या काही ओळी उगाच घातलेल्या वाटतील, पण त्यांचं काम आहे. ‘औषध लिहून नको’ ही ओळ डॉक्टरांची अडचण दूर करते: भारतातली २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं देशाबाहेरच्या सल्ल्यांसाठी नाहीत, आणि गोव्यातली चिठ्ठी कुवेतच्या फार्मसीत तशीही चालणार नाही. सिगारेट किती आणि किती वर्षं, हे लिहिलं नाही तर धोका कमी धरायचा की जास्त हे ठरत नाही. ‘थोडी ओढायचो’ या उत्तराचा काही उपयोग नाही. आणि तारखा इंग्रजी महिन्यातच द्या. ‘चवथीला येतोय’ हे घरच्यांना पुरतं, पण चवथ दर वर्षी सरकते आणि डॉक्टरांना महिने मोजायचे असतात.

सावध. पत्रात पासपोर्ट नंबर, सिव्हिल आयडी किंवा विमा नंबर लिहू नका, त्यांची मत देताना गरज नसते. उलट, चित्रांवरचं नाव आणि तारीख ‘प्रायव्हसीसाठी’ खोडू नका. बिननावाच्या चित्रावर जबाबदार डॉक्टर मत देत नाही.

## ५. पाठवा, पण आधी विचारून

पत्र पाठवण्याआधी घरच्या माणसाला दवाखान्यात पाठवून तीन गोष्टी विचारून घ्या: डॉक्टर असं मत देतात का, फी किती, आणि स्कॅन कशावर हवा. काही डॉक्टर लिंक उघडतात, काहींना पेन ड्राइव्ह हवा असतो, काही दवाखाने व्हायरसच्या भीतीने बाहेरचा पेन ड्राइव्ह लावत नाहीत. नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो, तेव्हा ‘सीडी पाठवतो’ म्हणजे काम झालं असं धरू नका.

सीडीवरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवा. आतल्या फाइलींची नावं बदलू नका, निवडून काढू नका. `DICOMDIR` नावाची फाइल बाकीच्यांची अनुक्रमणिका असते, ती सुटली किंवा नावं बदलली तर काही प्रोग्रामना चित्रं सापडत नाहीत. मग पूर्ण फोल्डरची एक झिप फाइल करा आणि तिला तारीख असलेलं नाव द्या:

```
2026-02-26-CT-chest-1mm.zip
2019-07-CT-chest-Goa.zip
```

एका कापाची फाइल साधारण अर्धा एमबी असते, म्हणजे ३०० काप दीडशे एमबीच्या घरात जातात. जीमेलच्या पत्राला २५ एमबीची मर्यादा आहे, आणि सीडीवरच्या पाहण्याच्या प्रोग्राममुळे जीमेल झिपही अडवतं. त्यामुळे गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक द्या. लिंक ज्याच्या हाती आहे त्याला उघडता येईल अशी ठेवा, नाहीतर रेडिओलॉजिस्टला ‘परवानगी मागा’ एवढंच दिसतं आणि तुम्ही कुवेतमध्ये झोपलेले असता. ही मोकळी लिंक दोन आठवड्यांनी बंद करा. फक्त डॉक्टरांनाच पाठवा, घरच्या किंवा गावच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून काहीही पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो. रिपोर्ट पाठवायचा तर पीडीएफ करून, डॉक्युमेंट म्हणून.

तपासून पाहा. लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या खात्यातून उघडून बघा. मग झिप परत उतरवून तिच्यातली चित्रं मोजा. ३०० ऐवजी २१२ च निघाली, तर सीडीवरून उतरवताना किंवा झिप करताना काही फाइली सुटल्या आहेत.

निदान एका आठवड्याचा वेळ द्या. फोन करायचा तर दवाखान्याची वेळ सांभाळा: कुवेत गोव्यापेक्षा अडीच तास मागे आहे, दुबई दीड तास. तुमच्या ड्यूटीनंतरचे संध्याकाळचे सहा म्हणजे कुवेतहून गोव्यातले साडेआठ, तेव्हा बहुतेक दवाखाने बंद होत आलेले असतात.

## ६. उत्तर आलं की ते कसं वाचायचं

आपल्या रुग्णाला उत्तर असं आलं असं धरू: २०१९ च्या स्कॅनमध्ये त्याच जागी सुमारे ६ मिलिमीटरचा ठिपका आहे, पण तेव्हाचे काप ५ मिलिमीटर जाड आहेत आणि नवा स्कॅन श्वासाने फिस्कटला आहे. आता पेट स्कॅन किंवा बायोप्सी नको. सप्टेंबरमध्ये गोव्यात १ मिलिमीटरच्या कापांचा, किरणांच्या कमी मात्रेचा, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता सीटी करू.

हे वाचून रुग्ण पहिलं काय पकडतो? ६ चे ७ झाले, म्हणजे वाढली. तसं नाही. एवढ्या लहान गाठीच्या मापात १ मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातावर आणि कापाच्या जाडीवर अवलंबून असतो. सर्वसाधारणपणे २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक पडला तरच वाढ मानतात.

दुसरी शंका थांबण्याबद्दल. छातीच्या स्कॅनच्या तज्ज्ञांच्या फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींनुसार, ३५ वर्षांवरच्या, कॅन्सर नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसात अचानक सापडलेल्या ६ ते ८ मिलिमीटरच्या एकट्या भरीव गाठीसाठी पुढचा सीटी ६ ते १२ महिन्यांनी करतात. सिगारेट ओढलेली असली तरी पहिला टप्पा तोच. फेब्रुवारी ते सप्टेंबर म्हणजे साडेसहा महिने, तेव्हा सुट्टीची तारीख त्या मुदतीत बसते. आणि शरीरात साखर जास्त वापरणाऱ्या जागा चमकवून दाखवणारा पेट स्कॅन का नको? ८ मिलिमीटरच्या आतल्या गाठीत तो भरवशाचा राहत नाही, आणि टीबीच्या किंवा कुठल्याही दाहाच्या जागा त्यात तशाच चमकतात. ज्याला टीबी होऊन गेला त्याच्या बाबतीत चमकलेला ठिपका दाखवून घबराट वाढण्याचीच शक्यता जास्त.

उत्तराची प्रत तिथल्या डॉक्टरांना द्या, ‘गावचा डॉक्टर वेगळं म्हणतो’ अशा सुरात नव्हे. २०१९ ची चित्रं दिली तर मूळ रिपोर्ट करणारा रेडिओलॉजिस्ट तुलना करून पुरवणी रिपोर्ट जोडू शकतो, तो मागा. दोन्ही मतं जुळली नाहीत, म्हणजे एकाने थांबा आणि दुसऱ्याने आत्ताच बायोप्सी म्हटलं, तर स्वतः निवाडा करू नका. दोघांनी कोणते काप पाहिले ते आधी विचारा. बरेचदा एकाकडे १ मिलिमीटरची मालिका असते आणि दुसऱ्याकडे ५ ची.

सप्टेंबरच्या स्कॅनची वेळ गोव्यात उतरण्याआधीच घरच्यांकडून घेऊन ठेवा, चवथीच्या आठवड्यातली नको. सेंटरवर ‘नोड्यूल फॉलो-अप, १ मिलिमीटर काप’ असं चिठ्ठीवर लिहून आणा, आणि आत गेल्यावर टेक्निशियनला सांगा की मागच्या वेळी श्वास सुटला होता, आधी दोनदा सराव करून घ्या. खोकला असेल तर पाणी पिऊन, खोकला काढून मगच टेबलावर झोपा. छातीचा स्कॅन काही सेकंदांचाच असतो, तेवढाच वेळ श्वास धरायचा आहे.